व्हिडिओ बघून स्वतःचा अभ्यास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच बसून नीट लिहून ठेवतेय. उदाहरणं बहुतेक गणित-फिजिक्सची आहेत कारण मी स्वतः तेच व्हिडिओवरून शिकले. बटणांची नावं यूट्यूबची आहेत, बाकी ठिकाणी थोडीफार वेगळी असतील पण काम तेच. एखाद्या उत्तरातला मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिकडचा नंबर दिलाय, परत परत लिहीत बसले नाही.

१. एका टॉपिकवर शंभर व्हिडिओ दिसतात. सुरुवात कुठून करू?

सर्चपासून करू नका. आधी कुठल्याही एका टेक्स्टबुकची अनुक्रमणिका उघडा आणि तुमचा टॉपिक कशाच्या नंतर आणि कशाच्या आधी येतो ते बघा. समजा तुम्हाला इंटिग्रेशन बाय पार्ट्स शिकायचंय. अनुक्रमणिकेत दिसेल की त्याच्या आधी डेरिव्हेटिव्हचा प्रॉडक्ट रूल आहे आणि सब्स्टिट्यूशन आहे. हे दोन येत नसतील तर बाय पार्ट्सचा जगातला सगळ्यात भारी व्हिडिओसुद्धा डोक्यावरून जाणार, आणि तुम्ही म्हणणार सरांना शिकवता येत नाही.

दुसरं म्हणजे सर्चमध्ये जो व्हिडिओ वर येतो तो बऱ्याचदा एखाद्या मालिकेतला सतरावा असतो, मागच्या सोळांमध्ये सरांनी कुठली चिन्हं ठरवली, काय गृहीत धरलं हे आपल्याला माहीतच नसतं. म्हणून व्हिडिओ आवडला की चॅनलच्या नावावर जाऊन Playlists बघा आणि तो कुठल्या मालिकेत बसतो ते शोधा. एका विषयाला एक मुख्य मालिका, बाकी सगळे अडलं तर विचारायला. आणि शक्यतो अशी मालिका निवडा जिच्यासोबत सोडवायला गणितं मिळतात. एमआयटी ओपनकोर्सवेअरवरचे बरेच कोर्स याच कारणासाठी सोयीचे पडतात, तिथे लेक्चरबरोबर असाइनमेंट, जुने पेपर आणि पुष्कळदा त्यांची उत्तरंही असतात. नुसते व्हिडिओ असतील तर गणितं पुस्तकातून घ्या, पण घ्याच, का ते प्रश्न १० मध्ये आहे.

२. स्पीड किती ठेवू? सगळे म्हणतात 2x वर बघ.

आधी साधा हिशोब करू. ४० मिनिटांचं लेक्चर 1.25x वर ३२ मिनिटांत संपतं, म्हणजे ८ मिनिटं वाचली. 1.5x केलं की २६ मिनिटं ४० सेकंद, आणखी ५ मिनिटं २० सेकंद वाचले. 1.75x ला साधारण २२ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे आणखी पावणेचार मिनिटांच्या आसपास. आणि 2x ला २० मिनिटं, म्हणजे शेवटच्या पायरीवर वाचले तीन मिनिटांपेक्षाही कमी. स्पीड वाढवावा तसा फायदा आटत जातो आणि त्रास मात्र वाढत जातो. शेवटच्या त्या तीन मिनिटांसाठी दोनदा जरी मागे जावं लागलं तरी सगळं मुसळ केरात.

यावर प्रयोग झालाय. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या स्पीडवर लेक्चर दाखवून परीक्षा घेतली, 2x पर्यंत मार्कांत फारसा फरक पडला नाही, 2.5x ला पडला. हे वाचून लोक खुश होतात, पण ते व्हिडिओ होते रोमन साम्राज्य आणि मालमत्तेची किंमत ठरवणं अशा विषयांवरचे, म्हणजे ऐकून लक्षात ठेवायचे. पेन घेऊन ओळीमागून ओळ सोडवत जायचं डेरिव्हेशन त्यात नव्हतं. त्यामुळे गोष्ट सांगितल्यासारखा विषय असेल तर 1.75x, 2x खुशाल लावा, गणिताला तो निकाल चिकटवू नका.

माझी स्वतःची कसोटी अशी आहे की फळ्यावरची पुढची ओळ सर लिहायच्या आधी मला ती साधारण कळली पाहिजे, निदान काय करणार आहेत याचा अंदाज आला पाहिजे. अंदाज येत नसेल तर स्पीड जास्त आहे. आणि पाच मिनिटांत दोनपेक्षा जास्त वेळा मागे जावं लागलं तर एक पायरी खाली उतरा. शिवाय काही सर मुळातच इतके भराभर बोलतात की त्यांचं 1x म्हणजे दुसऱ्याचं 1.5x असतं, तेव्हा सगळ्यांना एकच आकडा लावण्यात काही अर्थ नाही.

३. 1.25x स्लो वाटतं आणि 1.5x फास्ट. मधलं काही नाही का?

आहे. यूट्यूबच्या स्पीड मेनूमध्ये आता मधले आकडेही निवडता येतात, तुमच्या ॲपमध्ये काय दिसतं ते बघा. कीबोर्डवर `Shift` + `>` दाबलं की 0.25 ने वाढतो आणि `Shift` + `<` ने कमी होतो, हे अंगवळणी पडलं की एकाच व्हिडिओत प्रस्तावना 2x वर आणि डेरिव्हेशन 1x वर असं सहज जमतं, आणि खरं तर तेच करायला हवं. पूर्ण व्हिडिओला एकच स्पीड लावून बसणं हीच मोठी चूक आहे.

ज्या साइटवर स्पीडचं बटणच नाही तिथे कॉम्प्युटरवर ब्राउझरचा कन्सोल उघडून (बऱ्याच ब्राउझरमध्ये F12) ही एक ओळ स्वतः टाइप करा:

```
document.querySelector('video').playbackRate = 1.4
```

पेज रिफ्रेश झालं की परत टाकावी लागते. आणि काही साइटचे प्लेयर वेगळ्या चौकटीत असतात, तिथे ही ओळ चालत नाही. कन्सोलमध्ये कुणी पाठवलेला लांबलचक कोड मात्र डोळे झाकून पेस्ट करू नका, ही ओळ काय करते ते वाचूनच कळतंय म्हणून दिलीय.

४. स्पीड कमी करायची वेळ कधी येते?

हात चालताना बघायचा असतो तेव्हा. म्हणजे वाद्यावरची बोटं, चित्रातला स्ट्रोक, किंवा प्रयोगात काय कशाला जोडलं ते. 0.75x ठीक असतं, 0.5x च्या खाली आवाज घोगरा होऊन काही कळत नाही, तेव्हा म्यूट करून नुसतं बघा. आणि व्हिडिओ पॉज करून `,` आणि `.` ही बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे जाते. फळा पुसायच्या बरोब्बर आधीची फ्रेम पकडायला हे फार उपयोगी.

गणितात मात्र स्पीड कमी करण्यापेक्षा पॉज बरा. 0.75x वर सर झोपेत बोलल्यासारखे वाटतात आणि आपल्यालाही झोप येते.

५. Watch later मध्ये चारशे व्हिडिओ साठलेत. काय करू?

काही करू नका, ते गोदाम आहे, गोदामच राहू दे. माझ्या गोदामात एकदा मी शेवटपर्यंत स्क्रोल करून बघितलं तर तीन वर्षांपूर्वी "आजच बघायचा" म्हणून टाकलेला व्हिडिओ सापडला, त्या परीक्षेचा निकालही लागून गेला होता.

अभ्यासाला वेगळी प्लेलिस्ट करा, एका टॉपिकला एक. नाव "फिजिक्स" असं ठेवू नका, "टॉर्क, परीक्षेआधी" असं ठेवा, म्हणजे काय आत टाकायचं आणि काय नाही हे नावावरूनच ठरतं. मी एका प्लेलिस्टमध्ये सातच्या वर व्हिडिओ ठेवत नाही. आठवा टाकायचा असेल तर आधीचा एक काढायचा, आणि काढताना विचार करावा लागतो की हे दोघं एकच गोष्ट शिकवतायत का. बहुतेक वेळा तेच असतं. बघून झालेला लगेच काढू नका, तो काढायचा गणितं सुटल्यावर. म्हणजे प्लेलिस्टमध्ये उरलेला आकडा "किती बघायचे राहिले" हे नाही, "किती यायचे राहिले" हे सांगतो.

प्लेलिस्ट Private ठेवा, ग्रुपमध्ये द्यायची असेल तर Unlisted, मग लिंक असलेल्यालाच दिसते.

६. सेव्ह केलेले व्हिडिओ मधेच गायब झाले. परत मिळतील का?

चॅनलवाल्याने डिलीट किंवा प्रायव्हेट केला असेल तर तुमच्या हातात काही नाही. वाईट म्हणजे व्हिडिओबरोबर त्याचं नावही जातं, प्लेलिस्टमध्ये नुसतं Deleted video किंवा Private video दिसतं (ते पण मेनूतून Show unavailable videos केलं तर), आणि काय होतं ते आठवत बसायचं.

आणखी एक फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. दुसऱ्याची पूर्ण प्लेलिस्ट सेव्ह केली तर ती त्याचीच राहते, त्याने क्रम बदलला, व्हिडिओ काढले, प्लेलिस्टच उडवली, तर तुमच्याकडेही तसंच होतं. त्यातले हवे ते व्हिडिओ आपल्या प्लेलिस्टमध्ये एकेक करून टाकले तर निदान यादी आणि क्रम तुमचा. आणि वहीच्या पहिल्या पानावर क्रमाने व्हिडिओचं नाव, सरांचं किंवा चॅनलचं नाव आणि किती मिनिटांचा एवढं लिहून ठेवा. नाव हाताशी असलं की तोच व्हिडिओ दुसरीकडे, किंवा तोच टॉपिक दुसऱ्या कुणाचा, शोधता येतो.

७. नोट्स कशा काढायच्या? मी सगळंच उतरवून काढते आणि एका तासाच्या व्हिडिओला तीन तास जातात.

कारण तू फळा उतरवतेयस. फळा व्हिडिओत आहेच, परत कधीही बघता येतो. वहीत ते लिहायचं जे फळ्यावर नाही: सरांनी हे का केलं, माझं कुठे अडलं, आणि न बघता मला काय आठवलं.

एक खरं पान दाखवते. १८ मिनिटांचा इंटिग्रेशन बाय पार्ट्सचा व्हिडिओ होता, त्यात `∫ x cos x dx` सोडवलं होतं. पहिली चार मिनिटं मी काहीच लिहिलं नाही, नुसतं बघितलं. सूत्र आलं तिथे पॉज केलं आणि सरांनी काही करायच्या आधी गणित स्वतः करून बघितलं. मी `u = cos x` घेतलं आणि `dv = x dx`. झालं काय, तर पुढचं इंटिग्रल आलं `∫ (x²/2) sin x dx`, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त वाईट. मग प्ले केलं. सरांनी `u = x` घेतलं, दोन ओळींत उत्तर: `x sin x + cos x + C`. माझ्या वहीत त्या पानावर एवढंच आहे:

"५:१० — u = x का? कारण x चं डेरिव्हेटिव्ह घेतलं की १ होतं, म्हणजे पुढचं गणित सोपं होतं. मी उलटं घेतलं तर x चा x² झाला, वाढला. u तो घ्यायचा जो डेरिव्हेटिव्हने विरघळतो. उत्तर डिफरन्शिएट करून तपासलं: sin x + x cos x − sin x = x cos x, बरोबर."

आणि खाली एक ओळ: "मग ∫ ln x dx ला काय? तिथे तर एकच फंक्शन आहे." हा प्रश्न व्हिडिओत नव्हता, मला पडला. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नापासून सुरुवात केली (dv म्हणून नुसतं dx घ्यायचं, हे कळल्यावर फार भारी वाटलं होतं).

बघ, पूर्ण व्हिडिओची नोट पाच-सहा ओळींची आहे. यात माझी चूक लिहिलेली आहे हे महत्त्वाचं, सहा महिन्यांनी उघडल्यावर सरांचं बरोबर उत्तर नाही आठवत, आपण कुठे घसरलो ते आठवतं. वेळेचं म्हणशील तर १८ मिनिटांच्या व्हिडिओला मला साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागली. दुप्पट वेळ लागणं ठीक आहे, तिप्पट लागत असेल तर तू बहुतेक उतरवतेयस.

८. नोट्स वहीत की डिजिटल?

चिन्हं आणि आकृत्या असतील तर वही. बाकी आपल्याला जे उघडायचा कंटाळा येत नाही ते. फक्त वहीत वेळ नक्की टाका, वरच्या नोटमध्ये ५:१० आहे तसा. डिजिटलमध्ये तर त्या सेकंदाची लिंकच ठेवता येते, व्हिडिओवर राइट क्लिक करून Copy video URL at current time केलं की झालं. हाताने करायचं तर लिंकच्या शेवटी `&t=310s` जोडा, व्हिडिओ ३१० व्या सेकंदाला म्हणजे ५:१० ला उघडतो. youtu.be वाल्या छोट्या लिंकमध्ये आधी प्रश्नचिन्ह नसेल तर `?t=310` लिहायचं.

९. ट्रान्सक्रिप्ट कॉपी करून नोट्स म्हणून ठेवलं तर?

शोधायला उत्तम, नोट्स म्हणून बेकार. डिस्क्रिप्शनमध्ये Show transcript असेल तर उघडा आणि ब्राउझरच्या शोधामध्ये "टॉर्क" टाका, दोन तासांच्या लेक्चरमध्ये तो शब्द कुठे कुठे आला ते लगेच दिसतं. पण आपोआप तयार झालेल्या ट्रान्सक्रिप्टमध्ये सूत्रांचा आणि तांत्रिक शब्दांचा पार चुथडा झालेला असतो, "एक्स स्क्वेअर" चं भलतंच काही होतं. शिवाय कॉपी केलेल्या मजकुरात तुमचं डोकं कुठेच लागलेलं नसतं.

१०. व्हिडिओ बघताना सगळं समजतं, पण गणित घेतलं की एक ओळ सुचत नाही. माझंच काहीतरी चुकतंय का?

नाही, हे सगळ्यांचं होतं. २०१८ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी यावरच प्रयोग केले. लोकांना एकच कृती व्हिडिओत परत परत दाखवली, भांडी जागेवर ठेवून टेबलावरचा कपडा झटक्यात ओढून काढणं, डार्ट मारणं, मूनवॉक करणं असल्या. वीस वीस वेळा बघितलेल्यांना वाटायला लागलं की आता आपल्याला जमेल. प्रत्यक्ष करायला लावलं तेव्हा एकदाच बघितलेल्यांपेक्षा ते काही सरस निघाले नाहीत. बघून आत्मविश्वास वाढला, हात तिथेच.

म्हणून "समजत नाही, परत बघतो" हा उपाय सगळ्यात शेवटी. आधी व्हिडिओ बंद करा, कोरा कागद घ्या, आणि सरांनी सोडवलेलंच गणित पहिल्या ओळीपासून लिहा. जिथे पेन थांबेल ती ओळ ही तुमची खरी अडचण, "इंटिग्रेशन समजत नाही" ही नाही. मग तेवढेच तीस सेकंद बघा, बंद करा, पुढे लिहा. हे पूर्ण झालं की त्यातले आकडे किंवा फंक्शन बदलून एक करा, `x cos x` च्या जागी `x eˣ`. ते सुटलं तर व्हिडिओ झाला. दोन दिवसांनी आणखी एक करून बघा, कारण त्याच दिवशी सुटलेल्या गणितात निम्मा हात ताज्या आठवणीचा असतो.

११. एखादे सर विश्वासू आहेत हे कसं ओळखायचं? मला विषयच येत नसेल तर चूक कशी कळणार?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि मी स्वतः यात फसलेय म्हणून जरा लांबण लावते. विमान का उडतं हे मी ज्या चॅनलवरून शिकले त्यांचं ॲनिमेशन इतकं सुंदर होतं की विचारू नका. पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला जास्त लांब जावं लागतं, आणि दोन्ही हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हव्यात म्हणून वरची जोरात पळते, जोरात पळते म्हणून दाब कमी, झालं उड्डाण. दोन वर्षं मी हेच दुसऱ्यांना सांगत होते, मग एका मैत्रिणीने विचारलं, मग विमान उलटं कसं उडवतात? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक कुठे आहे नीट बघा. वरची हवा जोरात जाते हे खरं, दाब कमी असतो हेही खरं. खोटी आहे ती मधली एक ओळ, "एकाच वेळी पोचायला हव्यात". का हव्यात? तसा कुठलाच नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्यापेक्षा आधी पोचते. पंख हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर ढकलते, म्हणून पंखाचा कोन नीट ठेवला तर विमान उलटंही उडतं. म्हणजे शेवट बरोबर, सूत्र बरोबर, आणि एक सांधा हवेतला. चुकीचं शिकवणारे व्हिडिओ बहुतेक असेच असतात, धडधडीत खोटं क्वचितच असतं.

तेव्हा विषय येत नसतानाही करता येईल असं काय, तर "का" च्या जागा मोजा. सर "असायला हवं", "साहजिकच", "म्हणून" म्हणतात तिथे थांबून विचारा, हे कशावरून? चांगले सर तिथे कारण देतात, किंवा सरळ सांगतात की हे आत्ता सिद्ध करत नाहीये, मानून चला. गप्प पुढे सरकतात त्यांच्यापासून जरा जपून.

दुसरी युक्ती परीक्षेची. प्रत्येक विषयात एक-दोन अशा जागा असतात जिथे भले भले घसरतात, आणि त्या टेक्स्टबुकच्या एका धड्यातून शोधता येतात. विमानाच्या पंखाची ही जागा तशीच. दुसरी म्हणजे ऋतू. कुणी म्हणालं पृथ्वी सूर्याजवळ येते म्हणून उन्हाळा, तर तिथेच बंद करा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर गोलार्धात ऐन थंडीत. तुम्हाला शिकायचा टॉपिक दुसरा असला तरी त्याच सरांचा अशा जागेवरचा व्हिडिओ आधी बघा. तिथे सावरले असतील तर बाकी ठिकाणीही बहुतेक सावरतात.

तिसरं, "किती छान समजलं" या भावनेवर जाऊ नका. डेरेक मुलर, व्हेरिटासियम चॅनलवाला, याने २००८ मध्ये सिडनी विद्यापीठात नेमकी यावरच पीएचडी केली. नुसतं स्वच्छ सरळ समजावलेला व्हिडिओ मुलांना स्पष्ट वाटला पण त्यांचे गैरसमज तसेच राहिले, आणि ज्यात आधी लोकांचे नेहमीचे चुकीचे समज बोलून दाखवून मग खोडले होते तो गोंधळात टाकणारा वाटला पण मुलं शिकली त्यातूनच जास्त. म्हणून जे सर म्हणतात "आता तुम्हाला वाटेल की असं आहे, पण थांबा", त्यांना मी जास्त मार्क देते.

१२. व्ह्यूज, लाइक्स, कमेंट्स यावरून काही कळतं का?

व्ह्यूजवरून एवढंच कळतं की पुष्कळांनी बघितलं. डिसलाइकचा आकडा यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ पासून लपवलाय, त्यामुळे लाइक्सची तुलना कशाशी करणार. कमेंट्समध्ये "सर यू आर गॉड" या ओळी सोडून द्या आणि वेळ लिहिलेल्या कमेंट्स शोधा: "१२:४० ला मायनस राहिलाय का?" अशी कमेंट म्हणजे कुणीतरी पेन घेऊन बघितलंय. त्यावर सरांनी काय केलं ते बघा. "हो, चुकलं" म्हणून वर पिन केलं असेल तर चांगलंच. कमेंट्समध्ये चुकांचा एकही उल्लेख नसलेला, पाच लाख व्ह्यूजचा गणिताचा चॅनल मला उलट खटकतो.

१३. दोन चांगले सर एकमेकांच्या विरुद्ध सांगतायत. कुणाचं धरू?

आधी बघा की ते खरंच विरुद्ध आहेत का. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम एक जण `ΔU = Q − W` लिहितो, दुसरा `ΔU = Q + W`. दोघंही बरोबर. पहिल्याच्या मते W म्हणजे गॅसने बाहेर केलेलं काम, दुसऱ्याच्या मते गॅसवर केलेलं काम, फिजिक्सच्या पुस्तकांत बऱ्याचदा पहिलं असतं आणि केमिस्ट्रीत दुसरं. आकडा घालून बघा: गॅसला १०० जूल उष्णता दिली आणि त्याने ४० जूल काम केलं. पहिल्यात १०० − ४०. दुसऱ्यात W हा −४०, म्हणून १०० + (−४०). दोन्हीकडे ६०.

म्हणजे एक छोटं उदाहरण दोघांच्या पद्धतीने सोडवा, उत्तर सारखं आलं तर भांडण चिन्हांचं आहे, तुमच्या पुस्तकात जे आहे ते धरा आणि मधेच बदलू नका. उत्तर वेगळं आलं तर एक जण चुकलाय, मग प्रश्न ११ मधली "कशावरून" वाली युक्ती दोघांना लावा.

१४. दहा वर्षं जुना व्हिडिओ चालेल का?

कॅल्क्युलसचा चालेल, तो तीनशे वर्षांत शिळा झाला नाही. सॉफ्टवेअरचा असेल तर व्हर्जन बघा, बटणं जागा बदलतात. मधल्या विषयांत व्याख्या बदललेल्या असतात, उदाहरणार्थ किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा असं सांगणारा व्हिडिओ २० मे २०१९ च्या आधीचा असेल तर तेव्हा बरोबर होता, आता किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. तारीख डिस्क्रिप्शनमध्ये असते, बघायची सवय ठेवा.

१५. अभ्यासाला बसते आणि तासाभराने भलतंच काहीतरी बघत असते.

ऑटोप्ले बंद करा, आणि अभ्यासाला वेगळं अकाउंट ठेवा ज्यात करमणुकीचं एकही नाव नाही. होम पेजवर न जाता थेट आपल्या प्लेलिस्टची लिंक बुकमार्क करून तिथूनच शिरा. बाकी यावर माझ्याकडे जादू नाही, मीही फसते.

१६. सर आवडले नाहीत तर मालिका मधेच सोडावी का?

आवाज, अक्षर, विनोद यांवरून नको, ते तिसऱ्या व्हिडिओपर्यंत सवयीचं होतं. तीन व्हिडिओ प्रश्न १० च्या पद्धतीने केले आणि तिन्ही वेळा कोऱ्या कागदावर पहिल्या-दुसऱ्या ओळीतच अडलं, तर आधी मागचे टॉपिक कच्चे आहेत का ते अनुक्रमणिकेत तपासा (प्रश्न १). ते पक्के असूनही अडत असेल तर सोडा. फक्त सोडताना नव्या सरांच्या पहिल्या व्हिडिओपासून सुरू करू नका, तिथे सगळं येतंच असतं आणि उगाच वाटतं की हे सर भारी आहेत. जिथे अडलं होतं तोच टॉपिक त्यांच्याकडून बघा आणि तेच गणित परत कागदावर घ्या. आणि नव्यांची चिन्हं जुन्यांपेक्षा वेगळी असतील तर वहीत त्या जागी एक आडवी रेघ मारून "इथून चिन्हं बदलली" असं लिहा, नाहीतर परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतःच्याच नोट्स चुकीच्या वाटायला लागतात.